मंजूर, सशर्त मंजूर, स्थगित : संशोधन नैतिकता समितीचे इतिवृत्त कसे वाचावे

काही वर्षांपूर्वी माझा एक प्रस्ताव नैतिकता समितीकडून परत आला. सोबतच्या इतिवृत्तात माझ्या प्रस्तावापुढे एकच ओळ होती : 'चर्चा झाली. संमतीपत्र सुधारावे.' मी भाषा सोपी केली, अक्षर मोठे केले आणि पुन्हा पाठवले. ते पुन्हा परत आले. समितीला हवे होते ते वेगळेच : सहभागी मध्येच बाहेर पडला तर त्याच्या आधी घेतलेल्या नोंदींचे काय करणार, हे मी कुठेच लिहिले नव्हते. बैठकीत त्यावर बरीच चर्चा झाली होती, पण इतिवृत्तात ती उतरली नाही. त्यात माझ्या विद्यार्थ्यांचे एक सत्र गेले.

या पाठात आपण इतिवृत्त म्हणजे नेमके काय, आणि त्यातील प्रत्येक निर्णयामागचे कारण कसे वाचायचे, हे पाहणार आहोत. समजण्यासाठी दोन नमुना प्रस्ताव घेऊ. दोन्ही शिकवण्यासाठी तयार केलेले आहेत, पण अभियांत्रिकी महाविद्यालयातून समितीपुढे येणारे प्रस्ताव बहुतेक असेच असतात.

१. बैठक वैध होती का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७ साली मानवी सहभागींवरील आरोग्य संशोधनासाठी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि निर्णय घेताना किमान ५ सदस्य उपस्थित असावेत. त्यांत वैद्यकीय आणि अवैद्यकीय असे दोन्ही प्रकारचे सदस्य, तसेच संस्थेशी संबंध नसलेली किमान एक व्यक्ती हवी. महाविद्यालयाची स्वतःची समिती नसेल, तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव नेता येतो.

म्हणून इतिवृत्ताच्या सुरुवातीची उपस्थितांची यादी निव्वळ उपचार म्हणून नसते. आपल्या नमुना बैठकीला ७ सदस्य आहेत. दुसऱ्या प्रस्तावाचे मार्गदर्शक ज्या विभागात आहेत, त्या विभागाचे प्रमुखही सदस्यांत आहेत. तिथे अशी नोंद हवी : 'प्रस्ताव क्र. २ च्या चर्चेपूर्वी सदस्य क्र. ४ यांनी हितसंबंध जाहीर केला व ते सभागृहाबाहेर गेले. उर्वरित ६ सदस्यांत गणपूर्ती कायम.' बाहेर जाणारी व्यक्ती संस्थेबाहेरची एकमेव सदस्य असती, तर सहाजण उरूनही बैठक त्या प्रस्तावापुरती अपुरी ठरली असती. हे वाचणाऱ्याला कळावे, म्हणून कोण बाहेर गेले आणि कोणत्या प्रस्तावासाठी, हे दोन्ही लिहायचे.

२. सशर्त मंजुरी : उपाय ठरलेला असतो तेव्हा

पहिला प्रस्ताव : वसतिगृहातील विद्यार्थ्यांचा रात्रीचा मोबाइल वापर आणि झोप यांचा संबंध. निनावी ऑनलाइन प्रश्नावली. तीत मनःस्थिती मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही सर्वत्र वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पट्टी आहे.

वरवर पाहता यात धोका काहीच नाही. पण या पट्टीचा नववा प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत स्वतःला इजा करण्याचे किंवा आपण नसलेलेच बरे असे विचार आले का, हे विचारतो. समजा मध्यरात्री एखाद्या मुलीने त्यावर 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले. प्रश्नावली निनावी आहे, म्हणजे ती कोण हे संशोधकाला कधीच कळणार नाही. तिने सांगितले, यंत्राने नोंदवले आणि कोणीच आले नाही. विचारून गप्प बसणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

समितीपुढे दोन मार्ग होते. प्रश्न ठेवायचा असेल तर सहभागीची ओळख पटवता येईल अशी सोय आणि तत्काळ संपर्क साधणारा समुपदेशक हवा. तो नसेल तर प्रश्न काढायचा. इतिवृत्तातील नोंद अशी :

'निर्णय : सशर्त मंजूर. अट १ : पीएचक्यू-९ ऐवजी नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरावी. कारण : निनावी पद्धतीत धोक्याच्या उत्तरावर कृती करता येत नाही, आणि अभ्यासाच्या उद्देशासाठी तो प्रश्न आवश्यक नाही. अट २ : शेवटच्या पानावर सर्वांना टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिसावा. कारण : इतर प्रश्नांनीही अस्वस्थता येऊ शकते. पडताळणी : सुधारित प्रश्नावली सदस्य सचिव पाहतील. त्यांच्या लेखी पत्रानंतरच अभ्यास सुरू करावा.'

इथे प्रत्येक अटीला स्वतःचे कारण आहे. अट पूर्ण झाली हे कोण आणि काय पाहून ठरवणार, हेही लिहिले आहे. कारण कळल्यामुळे विद्यार्थ्याला अटीचा हेतू जपता येतो. नुसते 'प्रश्न ९ काढावा' असे लिहिले असते, तर एखाद्याने त्याच आशयाचा प्रश्न दुसऱ्या शब्दांत घातला असता आणि अट कागदावर पूर्णही झाली असती.

३. स्थगिती : माहितीच अपुरी असते तेव्हा

दुसरा प्रस्ताव : मनगटावर बांधायचे, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण आणि नाडी मोजणारे स्वस्त उपकरण. मार्गदर्शक शिक्षकांच्याच तिसऱ्या वर्षाच्या वर्गातील ४० विद्यार्थी सहभागी होणार. ते मिनिटभर श्वास रोखतील, आणि या उपकरणाच्या नोंदी बाजारातील बोटावर लावायच्या पल्स ऑक्सिमीटरशी ताडून पाहिल्या जातील.

समितीला तीन अडचणी दिसल्या. पहिली विज्ञानाची. निरोगी तरुणाचे ऑक्सिजनचे प्रमाण सहसा ९५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान असते. चांगल्या पल्स ऑक्सिमीटरच्याही साधारण दोन-तृतीयांश नोंदीच खऱ्या मूल्याच्या २ ते ३ अंकांच्या आत येतात. म्हणजे मोजायची कक्षा आणि मापनदंडाची चूक जवळपास सारखीच. एक मिनिट श्वास रोखून काहींचे प्रमाण थोडे उतरेल, काहींचे नाही, आणि बोटावरच्या नोंदीत ती घट काही सेकंद उशिरा दिसेल. अशा मांडणीतून उपकरण अचूक आहे की नाही हे ठरत नाही. ज्यातून उत्तरच मिळणार नाही, त्या प्रयोगासाठी लोकांना थोडाही त्रास देण्याला समर्थन राहत नाही. म्हणून चुकीची मांडणी हा नैतिकतेचाही प्रश्न होतो.

दुसरी अडचण धोक्याची. प्रश्नावली भरणे आणि सांगून श्वास रोखायला लावणे एकाच पातळीवर नाहीत. कोणाला दमा आहे का, चक्कर आली तर प्रयोग कधी थांबवायचा, खोलीत वैद्यकीय व्यक्ती असेल का, यांपैकी काहीच प्रस्तावात नव्हते.

तिसरी अडचण नात्याची. जे शिक्षक अंतर्गत गुण देतात, तेच 'स्वेच्छेने या' म्हणतात, तेव्हा विद्यार्थ्याला नाही म्हणणे जड जाते. संमतीपत्रावर सही असते, पण ती मोकळेपणाने केलेली आहे का, हे सहीवरून कळत नाही.

इतिवृत्तातील नोंद : 'निर्णय : स्थगित, सुधारित प्रस्ताव पूर्ण समितीपुढे यावा. कारण : (अ) प्रस्तावित मांडणीतून अचूकतेचा दावा तपासता येत नाही. (आ) श्वास रोखण्याचा धोका ठरवण्याइतकी माहिती नाही. (इ) सहभागी निवडीत शिक्षक-विद्यार्थी नात्याचा दबाव संभवतो. तिन्ही मुद्द्यांवर लेखी उत्तर द्यावे.'

इथे सशर्त मंजुरी का चालली नसती? कसोटी सोपी आहे. योग्य दुरुस्ती कोणती हे समितीला आजच माहीत असेल आणि एका व्यक्तीला कागद पाहून ती पडताळता येत असेल, तर अट घालावी. येणाऱ्या उत्तरामुळे धोका आणि फायदा यांचा हिशेबच बदलू शकत असेल, तर निर्णय थांबवावा. 'सुरक्षिततेची योग्य काळजी घ्यावी' अशी अट घालून मंजुरी देणे म्हणजे समितीने स्वतःचे काम अर्जदारावर ढकलणे.

४. मंजुरीलाही कारण हवे

सुधारित प्रस्तावात श्वास रोखणे नव्हते. ऑक्सिजनचा दावाही गाळला होता. आता फक्त नाडीचा वेग, बसून आणि सहा मिनिटे चालल्यावर, ईसीजीशी ताडून पाहायचा होता. सहभागी इतर विभागांतून सूचनाफलकावरून येणार होते आणि कोण आले हे मार्गदर्शकांना कळणार नव्हते. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना वगळले होते.

नोंद : 'निर्णय : मंजूर. कारण : धोका अत्यल्प, कारण श्रम रोजच्या चालण्याइतकेच आहेत. नाडीच्या वेगासाठी ईसीजी हा योग्य मापनदंड आहे, त्यामुळे प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. निवडीतील दबाव दूर केला आहे. मागील मुद्दे अ, आ, इ यांची उत्तरे समाधानकारक. अट : चाचणीच्या वेळी उपकरण व ईसीजी दोन्ही बॅटरीवर चालावेत, चार्जरला जोडलेला लॅपटॉप त्यांना लावू नये. कारण : त्वचेवर इलेक्ट्रोड असताना खराब चार्जरमधून गळणारा विद्युतप्रवाह शरीरापर्यंत पोहोचू शकतो. निर्णय सर्वसंमतीने.'

नाकारण्याची कारणे सगळेच लिहितात. अमेरिकेच्या संघीय नियमांतही इतिवृत्तात बदल सुचवण्याचे किंवा नकाराचे कारण, मतांची संख्या आणि वादग्रस्त मुद्द्यांवरील चर्चेचा सारांश असावा, असे म्हटले आहे. पण मंजुरीचे कारण पुढे तितकेच उपयोगी पडते. समजा सहा महिन्यांनी हेच विद्यार्थी 'चालण्याऐवजी जिना चढायला लावू का?' असे विचारतात. जुन्या इतिवृत्तात 'श्रम रोजच्या चालण्याइतकेच' हे मंजुरीचे कारण म्हणून लिहिलेले असल्यामुळे, हा बदल त्याच कारणाला धक्का लावतो हे लगेच दिसते. तो किरकोळ बदल म्हणून जाऊ शकत नाही, त्याचे नव्याने परीक्षण व्हायला हवे. नुसते 'मंजूर' लिहिले असते, तर हे कशावर ठरवायचे?

५. तुमच्या हाती इतिवृत्त आले की

त्या बैठकीत नसलेल्या मित्राला तुमच्या प्रस्तावाची नोंद वाचायला द्या. काय बदलायचे, का बदलायचे आणि ते झाले हे कोण पाहणार, हे त्याला सांगता आले तर नोंद पुरेशी आहे. नाही आले, तर अंदाजाने दुरुस्ती करू नका. सदस्य सचिवांना लेखी विचारा : 'या अटीमागचे कारण कृपया कळवावे.' माझे सत्र हा एक प्रश्न न विचारल्यामुळे गेले. आणि अंतिम पत्र येईपर्यंत एकाही सहभागीची नोंद घेऊ नका. मंजुरी पुढच्या कामाला मिळते, आधीच घेतलेल्या नोंदींना ती लागू होत नाही.

स्वाध्याय : पहिल्या प्रस्तावाच्या संशोधकांना नववा प्रश्न ठेवायचाच आहे, असे समजा. त्यासाठी प्रस्तावात काय काय बदलावे लागेल ते लिहा, आणि वरील कसोटी लावून, समिती त्यावर अट घालेल की निर्णय स्थगित ठेवेल, हे कारणासह ठरवा.