शनिवारची दोन मिनिटं

आमच्या पॅथॉलॉजी विभागात इंटर्नचा पहिला आठवडा संपला की शनिवारी सकाळच्या बैठकीत तो उभा राहून सगळ्यांना आपली ओळख करून देतो. वेळ दोन मिनिटं. सोमवारी आल्या आल्या हे करायला आम्ही सांगत नाही, कारण तेव्हा सांगण्यासारखं नाव, गाव आणि कॉलेज एवढंच असतं.

यंदाच्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी लिहून आणलेलं पान मला दाखवलं. गाव, डीएमएलटीचे गुण, आईवडील, वाचनाची आवड. मी तिला एकच विचारलं, "परवा कुणी तुझ्यासमोर नळ्यांचा रॅक ठेवला, तर त्यातलं काय तू एकटी करशील आणि काय नाही?" ऐकणाऱ्यांना तिच्याबद्दल हेच ठाऊक नसतं, आणि कामाला तेच लागतं.

तिने पान नव्याने लिहिलं. शनिवारी नाव सांगून ती म्हणाली, "मी सहा महिने इथे आहे. हा आठवडा नमुने घेण्याच्या खिडकीवर होते. नळीवरचं लेबल फॉर्मशी जुळवणं, चाचणीप्रमाणे टोपणाचा रंग बघणं, जांभळ्या नळीत गुठळी आहे का तपासणं, हे मी एकटी करते. काचेवरचा रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला मला अजून येत नाही. ते शिकायचं आहे, पण तोवर ते काम माझ्यावर सोपवू नका."

शेवटचं वाक्य बोलायला धीर लागतो. नवा माणूस येत नाही म्हणायला कचरतो, मान डोलावतो, आणि चूक कळते ती रिपोर्ट बाहेर गेल्यावर.

मग तिने बुधवारची गोष्ट सांगितली. निळ्या टोपणाची, अर्धवट भरलेली एक नळी तिने पुढे जाऊ दिली होती. मशीनवर लावण्याआधी सिनियर ताईंनी ती अडवली. त्या नळीत 0.3 मिलिलिटर सायट्रेट असतं आणि त्यावर 2.7 मिलिलिटर रक्त रेषेपर्यंत यावं लागतं. रक्त कमी पडलं की जास्तीचं सायट्रेट चाचणीतलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. तो आकडा खरा मानून डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस कमी करू शकतात. "आता निळी नळी मी उजेडात धरून रेषा बघते," ती म्हणाली. नळी कुणी भरली होती, रुग्ण कोण होता, यातलं काहीही तिने काढलं नाही. ते योग्यच होतं. नाहीतर ओळखीची तक्रार झाली असती.

सोमवारी नऊच्या सुमाराला वॉर्डात रक्त घेणारे दादा तिच्या खिडकीशी आले. हातातली निळी नळी ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाले, "बघ गं, रेषेला लागलंय ना?"