आंतड्याचा कर्करोग आणि घराण्याचा वारसा

गोष्ट १८९५ सालची आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत ऑल्ड्रेड वॉर्थिन नांवाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री एके दिवशीं फार उदास दिसली. कारण विचारतां ती म्हणाली कीं, आपण फार दिवस जगणार नाहीं. आपल्या घराण्यांतील बहुतेक माणसें गर्भाशयाच्या नाहीं तर आंतड्याच्या कर्करोगानें गेलीं, तशाच आपणही जाऊं. त्या वेळीं तिला कोणताही रोग नव्हता. परंतु पुढें ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानें अकालीं वारली. वॉर्थिन यांनीं तिचें बोलणें हंसण्यावारीं नेलें नाहीं. त्यांनीं त्या घराण्याची वंशावळ जमविली आणि १९१३ सालीं ती प्रसिद्ध केली. पुढें ओमाहा येथील डॉक्टर हेन्री लिंच यांनीं हें काम नेटानें चालविलें; म्हणून या विकाराला आज ‘लिंच विकार’ म्हणतात. अखेर २००० सालीं त्याच घराण्यांत एमएसएच२ नांवाच्या जनुकांतील एका अक्षराचा दोष सांपडला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचें भय निराधार नव्हतें.

हा दोष करतो काय? शरीरांतील पेशी जेव्हां दुभंगते, तेव्हां तिला आपल्या जनुकांच्या प्रचंड ग्रंथाची नक्कल करावी लागते. नकलेंत चुका राहणारच. त्या सुधारण्यासाठीं पेशीजवळ मुद्रितशोधक असतात. त्यांतील चार प्रथिनें मुख्य होत, आणि तीं जोडीनें काम करतात. एमएसएच२ ची जोड एमएसएच६ शीं आणि एमएलएच१ ची पीएमएस२ शीं. प्रत्येकाजवळ या जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागतें. पण आंतड्याच्या एखाद्या पेशींत ही दुसरी प्रतही बिघडली, म्हणजे मुद्रितशोधन थांबतें, चुकांवर चुका सांचतात आणि कांहीं वर्षांत तेथें कर्करोग होतो. अर्थात् वारशानें येतो तो रोग नव्हे, रोगाची दुर्बलता येते. आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याचा संभव निम्मा असतो.

आतां एक कल्पित कुटुंब घेऊं. एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना मोठ्या आंतड्याच्या उजव्या भागांत कर्करोग झाला. डॉक्टरांनीं घराण्याची चौकशी केली, तेव्हां ते म्हणाले, “आमच्या घराण्यांत हा रोग कोणालाच नाहीं.” त्यांच्या मनांत घराणें म्हणजे वडिलांकडचें. आपले कुलवृत्तांतही पुरुषांच्या वंशानेंच लिहिलेले असतात. लेक सासरीं गेली कीं तिची शाखा त्यांतून निसटते. अधिक विचारल्यावर कळलें कीं, त्यांची आई सत्तेचाळिसाव्या वर्षीं गर्भाशयाच्या कर्करोगानें गेली आणि मामा पन्नाशींत आंतड्याच्या. घरच्यांना हे दोन निराळे रोग वाटले होते. परंतु जनुक गोत्र पाहत नाहीं, आणि लिंच विकारांत आंतडें व गर्भाशय हीं दोन्ही एकाच मुळाचीं फळें असतात.

येथें तपासणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. ती निरोगी भावंडांपासून नव्हे, तर रोगी माणसापासून, आणि प्रथम त्याच्या काढलेल्या गांठीपासून सुरू करावयाची असते. गांठीचा तुकडा मेणांत बसवून रुग्णालयांत जपून ठेवलेला असतो. त्याचे पातळ काप घेऊन त्या चार प्रथिनांसाठीं रंगवितात. या गृहस्थांच्या गांठींत एमएलएच१ व पीएमएस२ होतीं, परंतु एमएसएच२ व एमएसएच६ ही जोडी नाहींशी झालेली होती. संशय एमएसएच२ वर गेला, रक्त तपासलें आणि दोष सांपडला. उलट एमएलएच१ नाहींसें असतें, तर घाई उपयोगी पडली नसती. कारण उतारवयांत, कोणताही वारसा नसतां, गांठीपुरतें तें जनुक मुकें झालेलें पुष्कळदा आढळतें. तेथें आधीं बीआरएएफ या दुसऱ्या जनुकाची गांठींतच परीक्षा करतात. त्यांत ओळखीचा बदल दिसला, तर वारशाची शक्यता बहुधा उरत नाहीं.

दोष कोणता हें नक्की कळल्यावर मगच नातेवाइकांची पाळी येते. आतां फक्त त्या एका अक्षराचा शोध घ्यावयाचा असतो. गृहस्थांच्या बहिणींत तो दोष निघाला. धाकट्या भावांत निघाला नाहीं. भावाचा धोका आतां सामान्य माणसाइतकाच राहिला. त्याच्या मुलांनाही या दोषाचें भय नाहीं. बहिणीला मात्र दर एक-दोन वर्षांनीं दुर्बिणीनें मोठें आंतडें तपासून घ्यावें लागेल, व दिसतील ते मोड तेथल्या तेथें काढतां येतील. मुलेंबाळें झाल्यावर, चाळिशीच्या सुमारास, गर्भाशय व बीजकोश काढण्याचा विचारही तिच्यापुढें मांडतील. हा खटाटोप व्यर्थ नाहीं: एमएसएच२ चा दोष असणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना आयुष्यांत केव्हां तरी आंतड्याचा कर्करोग होतो. मामेभावंडांनाही कळविलें पाहिजे. गृहस्थांची बारा वर्षांची मुलगी मात्र आज तपासूं नये. तिची देखरेख विशी-पंचविशींत सुरू व्हावयाची. तोंवर तिच्या हिताचें कांहीं करतां येत नाहीं, आणि सज्ञान झाल्यावर जाणून घ्यावें कीं नाहीं हें तिचें तिनें ठरवावें.

याच्या उलट दुसरा एक वारसा आहे. त्यांत एपीसी या जनुकाच्या दोषानें आंतड्यांत ऐन तारुण्यांत शेंकडों मोड उगवतात, आणि आंतडें न काढल्यास चाळिशीच्या आंतबाहेर कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. तेथें दहा-बारा वर्षांच्या मुलालाही तपासतात, कारण देखरेख त्याच वयांत सुरू करावी लागते. शिवाय अशा रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांच्या आईबापांत दोष नसतो. तो त्यांच्यातच नव्यानें उपजलेला असतो. म्हणून दुर्बिणींतून दहा-वीस किंवा अधिक मोड दिसले, तर घराण्यांत कोणी आजारी नसलें तरी परीक्षा सुचवावी.

तेव्हां परीक्षा कोणाला सुचवावी? आंतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक गांठीचें रंगपरीक्षण व्हावें, हें आज सर्वांत चांगलें. कारण केवळ वंशावळीवर विसंबल्यास पुष्कळ घराणीं हातचीं निसटतात. त्यांतून संशय आला तर रोग्याचें रक्त तपासावें. पन्नाशीच्या आंत रोग झालेला, एकाच माणसाला दोनदां झालेला, किंवा एकाच बाजूच्या रक्ताच्या नात्यांत दोघांतिघांना झालेला असेल, तर रक्तपरीक्षेची गोष्ट काढण्यास वेळ लावूं नये.

एक फसगत मात्र ध्यानांत ठेवावी. घराण्यांतला दोष ठाऊक नसतां निरोगी माणसानें एकट्यानें रक्त तपासलें आणि “कांहीं नाहीं” असें उत्तर आलें, तर तें अभय नव्हे. शोधावयाचें काय हेंच तेथें ठाऊक नव्हतें. तसेंच कधीं कधीं ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल सांपडतो. त्यावरून नातेवाइकांना तपासूं नये, आणि कोणाचें गर्भाशय तर मुळींच काढूं नये.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला वाटे कीं, घराण्याचा शाप सर्वांवर सारखाच आहे. तें तेवढें खरें नव्हतें. तिच्या भावंडांत दोष नसलेलींही असणार, आणि तींही त्याच भयाखालीं जगलीं असतील. तीं कोणतीं, हें सांगण्याचें साधन तेव्हां कोणापाशींच नव्हतें. तें आज आहे. मात्र त्यासाठीं घरांत जो आजारी आहे त्याच्यापासून आरंभ केला पाहिजे, आणि वंशावळ लिहितांना आईचें माहेर विसरतां कामा नये.