खिडकीतील रुजवण

नवरात्रात देवळात घातलेले रुजवण आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेले असते. अंधाऱ्या गर्भकुडीत ते पिवळट व उंच वाढते, कारण उजेडाशिवाय पानांत हिरवा रंग तयार होत नाही. तेच बी खिडकीत पेरले तर हिरवे होते. बालवाडीतील मुलांच्या पालकांना आम्ही सुरुवात येथूनच करायला सुचवतो.

पाच वर्षांच्या मुलाला आठवडाभर काहीच दिसले नाही की त्याचे लक्ष उडते. म्हणून बी निवडताना ते किती दिवसांत उगवते हे आधी पाहावे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, अळसांदे चार-पाच दिवसांत. कोथिंबिरीला दहा ते पंधरा दिवस लागतात, शिवाय धणे फोडून पेरावे लागतात. ती पुढच्या खेपेला ठेवावी. बी घरच्या डब्यातले चालते, मात्र अखंड हवे. डाळ रुजत नाही.

मेथीसाठी करवंटी पुरते. तिचा मऊ डोळा खिळ्याने मोठ्या माणसाने फोडून द्यावा, म्हणजे जादा पाणी खाली जाईल. आपली तांबडी माती एकटी वापरली तर वाळून घट्ट होते. तिच्यात तेवढीच रेती व तेवढेच कुजलेले शेणखत मिसळावे. मेथी रात्रभर भिजत घालून सकाळी मुलाकडून वीस दाणे मोजून घ्यावेत, मातीवर पसरावेत आणि वर अर्धा सेंटीमीटर माती टाकावी. अळसांद्याचे तीन दाणे मात्र कापलेल्या पारदर्शक बाटलीत, कडेला चिकटून, मुलाच्या बोटाच्या एका पेराइतके खोल घालावेत. बाटलीच्या तळाला भोके पाडून भोवती काळा कागद गुंडाळावा. कागद क्षणभर काढला की मुळे दिसतात. अंकुरापूर्वी मूळ खाली जाते, हे मुलाला प्रत्यक्ष दाखवता येते.

अळसांद्याचा दाणाच दोन फाका होऊन मातीबाहेर येतो. मुले तो उचलून पाहतात. पाहू द्यावे, म्हणून तर दाणे तीन घालायचे!

बहुतेक रोपे मरतात ती पाण्याने. मुलांना पाणी घालायची फार हौस असते. म्हणून एक ठरावीक चमचा द्यावा. माती बोटाला कोरडी लागली तरच करवंटीत दोन चमचे, एरवी नाही. मातीलगत देठ बारीक, तपकिरी होऊन रोप आडवे पडले तर ती बुरशी समजावी. ते रोप काढून टाकावे व पाणी थांबवावे. पावसाळ्यात हे अधिक होते; चतुर्थीनंतर पाऊस ओसरल्यावर सुरुवात केलेली बरी. रोपे लांबट, फिकट होऊन काचेकडे झुकली तर उजेड कमी पडतो आहे. करवंटी रोज अर्धी फिरवावी.

मेथी दोन ते तीन आठवड्यांत बोटभर होते. ती कात्रीने मुलाने कापावी व डाळीत घालावी. वीस रोपांची भाजी काही होणार नाही, पण ज्याला एरवी मेथी कडू लागते, तोही आपली म्हणून चाखून पाहतो.