गर्डरखाली पट्टी जोडली, ताकद किती वाढली?

जुन्या दुकानात किंवा घरात मधली भिंत काढून कधीतरी लोखंडी गर्डर टाकलेला असतो. पुढे वर माळा चढतो, पाण्याची टाकी बसते आणि एक दिवस लक्षात येते की गर्डरला मधोमध बाक आला आहे. फॅब्रिकेटर येऊन बघतो आणि म्हणतो, ‘खालून एक प्लेट मारून घेऊ, काम पक्कं होईल.’ गर्डरच्या वर स्लॅब टेकलेला असतो, तिथे हात पोचत नाही. खालची बाजू मोकळी असते, म्हणून प्लेट खालीच लागते. समजा या प्लेटमुळे गर्डरमधले स्टील ४३ टक्क्यांनी वाढले. मग ताकदही साधारण तेवढीच वाढली असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती वाढते अवघी साडेबारा टक्के. बाकीचे स्टील कुठे गेले, याचा हिशेब इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका छोट्या गणितात आहे.

गर्डर नेहमीचाच घेऊ: आयएसएमबी २००. उंची २०० मिमी, वरची-खालची फ्लॅंज १०० मिमी रुंद आणि दोन्हींना जोडणारी उभी पातळ वेब. जुन्या भारतीय स्टील टेबलांत त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३२.३३ वर्ग सेंमी आणि मोमेंट ऑफ इनर्शिया २२३५.४ सेंमी⁴ दिलेले आहे. (नव्या तक्त्यांत आकडे थोडे कमी आहेत. त्यामुळे जुना गर्डर असेल तर फ्लॅंजची जाडी मोजूनच तक्ता निवडावा.) खालून जोडायची प्लेट १४० मिमी रुंद आणि १० मिमी जाड, म्हणजे १४ वर्ग सेंमी. प्लेट फ्लॅंजपेक्षा मुद्दाम रुंद घेतली आहे. दोन्ही बाजूंना २० मिमीचा काठ बाहेर राहतो, त्यामुळे वेल्डरला त्या काठावर वरून वेल्ड मारता येतो. डोक्यावर हात धरून उलटा वेल्ड करण्यापेक्षा हे काम कितीतरी नीट होते.

मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे आकार वाकायला किती विरोध करतो त्याचे माप. छेदाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. अंतराचा वर्ग असल्यामुळे किती स्टील आहे यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त किंमत येते. आपलीच प्लेट बघा. ती एकटी आडवी ठेवली तर तिचा मोमेंट ऑफ इनर्शिया १.१७ सेंमी⁴ भरतो. तीच प्लेट धारेवर उभी केली तर तो जवळपास २२९ होतो. स्टील तेच, फरक १९६ पट.

आता जोडलेल्या छेदाचा हिशेब करू. पहिले काम सेंट्रॉइड शोधण्याचे, कारण वाकताना छेदाचा जो थर ना दाबला जातो ना ताणला जातो, तो सेंट्रॉइडमधून जातो. एकट्या गर्डरचा सेंट्रॉइड बरोबर मध्यावर, दोन्ही कडांपासून १० सेंमीवर होता. खाली प्लेट आल्यावर तो खाली सरकणार. किती, ते काढण्यासाठी सगळी उंची प्लेटच्या तळापासून मोजू. प्लेटचा मध्य तळापासून ०.५ सेंमीवर आहे. गर्डरचा मध्य ११ सेंमीवर, कारण त्याच्याखाली आता १ सेंमीची प्लेट आहे. क्षेत्रफळ गुणिले अंतर केले की प्लेटचे ७ आणि गर्डरचे ३५५.६३ येतात. बेरीज ३६२.६३. तिला एकूण क्षेत्रफळाने, म्हणजे ४६.३३ ने भागले की ७.८३ सेंमी मिळतात. नवा सेंट्रॉइड तळापासून एवढ्या उंचीवर आहे.

हे उत्तर बरोबर आहे का, हे इथेच तपासता येते. नव्या अक्षापासून गर्डरचा मध्य ३.१७ सेंमी वर आहे आणि प्लेटचा मध्य ७.३३ सेंमी खाली. ३२.३३ ला ३.१७ ने आणि १४ ला ७.३३ ने गुणून पाहा. दोन्ही गुणाकार १०२.५ च्या आसपास येतात. दोन्ही बाजू अशा जुळल्या नाहीत, तर सेंट्रॉइड चुकला आहे आणि पुढचे काहीही बरोबर येणार नाही.

दुसरे काम या नव्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढण्याचे. तक्त्यातला २२३५.४ हा आकडा गर्डरच्या स्वतःच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षाचा आहे आणि तो अक्ष आता आपल्या कामाचा नाही. इथे समांतर अक्षाचे प्रमेय लागते:

I = I₀ + A·d²

I₀ म्हणजे तुकड्याचा स्वतःच्या मध्याभोवतीचा आकडा, A त्याचे क्षेत्रफळ आणि d हे दोन समांतर अक्षांमधले अंतर. गर्डरच्या वाट्याला २२३५.४ अधिक ३२५.५ येतात. प्लेटच्या वाट्याला १.१७ अधिक ७५१.६. एकटी असताना जेमतेम १.१७ असलेली प्लेट अक्षापासून सव्वासात सेंमी दूर गेल्यावर साडेसातशेच्या वर पोचली. प्लेटचा सगळा उपयोग त्या A·d² मध्ये आहे. एकूण बेरीज ३३१४ सेंमी⁴. आधीपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त.

इथे एक चूक फार सहज होते. सेंट्रॉइड सरकतो हे विसरून प्लेटचे अंतर गर्डरच्या जुन्या मध्यापासून १०.५ सेंमी धरले जाते. मग उत्तर ३७८० येते, खऱ्यापेक्षा १४ टक्क्यांनी फुगलेले. सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया हा त्याला समांतर असलेल्या सगळ्या अक्षांमध्ये सर्वांत लहान असतो. त्यामुळे अक्ष चुकला की चूक नेहमी मोठ्या आकड्याकडेच होते. कागदावर गर्डर खऱ्यापेक्षा दणकट दिसतो, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला पडते.

४८ टक्के वाढ आहे, मग साडेबारा टक्के कुठून आले? बाक किती येईल हे मोमेंट ऑफ इनर्शियावर ठरते. त्या हिशेबाने प्लेट लावल्यानंतर येणाऱ्या भाराचा बाक पूर्वीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी येईल. फॅब्रिकेटरचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण गर्डर किती भार पेलेल हे सर्वांत जास्त स्ट्रेस कुठे येतो यावर ठरते, आणि स्ट्रेस अक्षापासूनच्या अंतराबरोबर वाढत जातो. पूर्वी वरची कड अक्षापासून १० सेंमीवर होती. अक्ष खाली सरकल्यामुळे ती आता १३.१७ सेंमीवर गेली. म्हणून मोमेंट ऑफ इनर्शियाला या अंतराने भागून बघावे लागते. या भागाकाराला सेक्शन मोड्युलस म्हणतात. तळाच्या बाजूला तो २२३.५ वरून ४२३ घन सेंमीवर गेला, म्हणजे ८९ टक्के वाढ. वरच्या बाजूला मात्र २२३.५ वरून २५१.६. खालची कड आता निवांत आहे आणि वरची जवळपास पूर्वीइतकीच दाबली जाते आहे. जिथे प्लेट नाही तीच बाजू आधी हार मानणार.

तेवढेच स्टील दोन भागांत वाटले तर चित्र पालटते. ७० मिमी रुंद, १० मिमी जाड अशा दोन पट्ट्या घेऊन एक वर आणि एक खाली लावली, तर सेंट्रॉइड जागचा हलत नाही. मोमेंट ऑफ इनर्शिया ३७८० होतो आणि सेक्शन मोड्युलस दोन्ही कडांना ३४४ घन सेंमी, म्हणजे ५४ टक्के वाढ. ही वाढ एकतर्फी प्लेटच्या चौपटीहून जास्त आहे. हे आकडे स्टील त्याच्या लवचिक मर्यादेत आहे असे धरून काढलेले आहेत. आयएस ८०० या सध्याच्या संहितेतल्या पद्धतीने स्टील पूर्ण वापरले जाईपर्यंत मोजले, तर एकतर्फी प्लेट थोडी बरी ठरते, पण दोन्हीकडच्या पट्ट्यांची बरोबरी ती तरीही करत नाही.

हे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: गर्डर आणि प्लेट एकसंध होऊन वाकतात. प्लेट नुसती टेकवली, तर वाकताना ती फ्लॅंजवरून घसरते आणि दोघे आपापल्या मध्याभोवती वेगवेगळे वाकतात. तेव्हा A·d² चा एक कणही मिळत नाही. नुसती बेरीज उरते, २२३५.४ अधिक १.१७. प्लेट आहे, पण नसल्यासारखी. ही घसरण वेल्ड रोखतो. आपल्या छेदात टेकूजवळ ५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे पाच टनांचा शिअर असेल, तर दर मिलिमीटर लांबीला सुमारे १५५ न्यूटन बल वेल्डला पेलावे लागते. दोन्ही काठांवर नीट मारलेला ६ मिमीचा वेल्ड हे सहज पेलतो, अगदी अंतर सोडून मारला तरी. पण शिअर सहसा टेकूंजवळ जास्त असतो, म्हणून मधोमध चार टाके मारून टोके सोडणे उलट्या बाजूने काम केल्यासारखे आहे. काम झाल्यावर बघायचे असेल तर आधी टोकांचा वेल्ड बघावा.

आणखी एक गोष्ट वेळेची. प्लेट लावताना गर्डरवर आधीच जो भार आहे, त्याचा स्ट्रेस गर्डरमध्ये तसाच राहतो. प्लेट फक्त त्यानंतर येणारा भार वाटून घेते. आलेला बाकही ती परत सरळ करत नाही. म्हणून वेल्डिंगच्या आधी जॅक लावून गर्डर थोडा उचलतात, टेकू देऊन भार काढतात, आणि वेल्ड थंड झाल्यावरच टेकू सोडतात. भरल्या गर्डरवर एका दमात लांब वेल्ड मारत सुटणेही बरे नाही, कारण तापलेले स्टील तेवढ्यापुरते मऊ पडते.

वरून पट्टी लावायला जागाच नसेल तर दोन मार्ग उरतात. वरच्या फ्लॅंजच्या पोटात, वेबच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या बसवता येतात. काम किचकट आहे, पण स्टील हवे त्या बाजूला जाते. किंवा खाली चालत असेल तर मधोमध एक खांब द्यावा. भार सगळ्या लांबीवर सारखा असेल तर गाळा निम्मा झाल्यावर वाकवणारा मोमेंट एक चतुर्थांशावर येतो. तेवढा आराम कुठलीही पट्टी देत नाही. मात्र खांबाखाली पाया लागतो आणि गर्डरचा वरचा भाग आता खांबावर खेचला जातो, हे हिशेबात धरावे लागते. इंजिनीअरचा कागद हातात आला की मोमेंट ऑफ इनर्शिया किती वाढला यावर थांबू नये. वरच्या कडेचा सेक्शन मोड्युलस किती आला आणि वेल्ड किती लांबीचा धरला आहे, हे दोन आकडे मागून घ्यावेत.