एक वाक्य, चार बरोबर उत्तरे

वर्सोव्यात माझ्याकडे आठवी-नववीची मुले मराठीच्या शिकवणीला येतात. काही कोळीवाड्यातली, काही नव्या इमारतींतली. विरामचिन्हांच्या सरावासाठी मी त्यांना एक वाक्य दिले होते : मुलगी म्हणाली आई बाबा होडीवर गेले

माझ्या उत्तरपत्रिकेत एकच उत्तर होते : मुलगी म्हणाली, “आई, बाबा होडीवर गेले.” एका मुलाने लिहिले होते : मुलगी म्हणाली, “आई-बाबा होडीवर गेले.” मी फुली मारली. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सर, दोघंही गेले असतील ना?” शेजारची कोळ्यांची मुलगी लगेच म्हणाली, “आई कशाला होडीवर जाईल? ती बाजारात बसते.”

तिचे म्हणणे खरे होते. कोळीवाड्यात समुद्रावर पुरुष जातात आणि मासळी विकायला बायका बसतात. पण हे ज्ञान वाक्याबाहेरचे. इमारतीतल्या मुलाला ते असण्याची सक्ती माझ्या प्रश्नात कुठेच नव्हती, त्यामुळे त्याचे गुण कापायला मला आधार उरला नाही.

घरी येऊन मी वाक्य पुन्हा पाहिले, तेव्हा गोम क्रियापदात सापडली. आदरामुळे आपण एकट्या बाबांनाही ‘गेले’ म्हणतो आणि आई-बाबा दोघे गेले तरी ‘गेले’च म्हणतो. आदरार्थी अनेकवचन आणि खरे अनेकवचन इथे एकाच रूपात मिसळते. म्हणून ‘आई’ ही हाक आहे की गेलेल्यांपैकी एक, हे चिन्हाशिवाय कळत नाही. शिवाय मराठीत ‘का’ न लावताही नुसत्या सुराने प्रश्न विचारता येतो. तेव्हा “आई, बाबा होडीवर गेले?” हेही बरोबर आणि “आई-बाबा होडीवर गेले?” हेही. अशी चार उत्तरे झाली. मात्र ‘आई’ आणि ‘बाबा’ यांच्यामध्ये काहीच चिन्ह न देणारे उत्तर मी आजही अपुरे धरतो, कारण जो घोळ सोडवायला सांगितला होता तोच त्यात शिल्लक राहतो.

असे तंटे नियमांकडे नेऊन मिटतील, असे पूर्वी मला वाटे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली 14 होते, 1972 साली त्यांत चारांची भर पडली. या अठरांत अनुस्वार आहे, ऱ्हस्व-दीर्घ आहे. स्वल्पविराम कुठे द्यावा याचा एकही नियम नाही. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. विरामचिन्हे आपल्याकडे इंग्रजीच्या वळणाने आली आणि मेजर कँडी यांनी 1850 साली त्यांवर मराठीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तेव्हा चिन्हांच्या बाबतीत तपासणाऱ्याला वाक्याचा अर्थच विचारावा लागतो. आणि जिथे नियम आहे तिथेही तो नेहमी एकाच उत्तरावर थांबत नाही. ‘पहाणे’ चालत नाही, ‘पाहणे’च हवे, पण आज्ञार्थात ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्हींना नियमानेच मुभा दिली आहे. ‘चित्र पहा’मध्ये चूक शोधायला लावणारा प्रश्नच चुकलेला असतो.

वाक्यशुद्धीत वेगळीच अडचण येते. ‘शिपायाने चोराला पकडला’ हे वाक्य अशुद्ध, याबद्दल वाद नाही. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापदाने कर्माच्या मागे जाऊ नये. मग दुरुस्ती कुठे करायची? ‘शिपायाने चोराला पकडले’ हा भावे प्रयोग, ‘शिपायाने चोर पकडला’ हा कर्मणी. चूक दोन्हींत दूर होते. उत्तरपत्रिकेत बहुधा पहिलेच असते. एखाद्याने मात्र ‘शिपायाने चोर धरून नेला’ असे लिहिले, तर वाक्य शुद्ध असूनही मी गुण देत नाही. त्याने चूक दुरुस्त केली नाही, नवे वाक्य लिहिले.

आता मी उत्तरपत्रिका मिटून आधी स्वतः प्रश्न सोडवतो. वह्या तपासताना अनपेक्षित उत्तर दिसले की ते मोठ्याने वाचतो, चिन्ह असेल तिथे थांबतो. दिलेले शब्द तेच राहिले आणि एकच स्पष्ट अर्थ ऐकू आला, तर बरोबर. तीन वह्यांत तेच ‘चुकीचे’ उत्तर आले, तर आधीच्या वह्या पुन्हा काढतो. वेळ जातो, पण पहिल्या वहीला फुली आणि विसाव्या वहीला बरोबर, असे होत नाही.

त्या मुलाचा गुण मी परत दिला. या वर्षी वाक्य बदलले आहे : मुलगी म्हणाली आई दादा होडीवर गेला. ‘गेला’ एकवचनी असल्याने आई हाकेपुरतीच उरते. तरी परवा एका वहीत शेवटी प्रश्नचिन्ह आले. मी गुण दिला आणि प्रश्नाखाली ‘हे विधान आहे’ एवढे शब्द वाढवले.