इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का बसते?

मार्गासनीला आमचे घर आणि कापडदुकान एकाच इन्व्हर्टरवर चालते. पंखे, ट्यूबलाइट आणि शिलाई मशीनची मोटर मिळून भार साधारण ३०० वॅट. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी तीन वर्षे जवळपास चार तास साथ देत होती. गेल्या पावसाळ्यानंतर दीड तासातच इन्व्हर्टर ओरडू लागला. दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली, नवी घ्या." आम्ही म्हटले, आधी तपास करू.

प्रथम पाणी पाहिले. तीन खान्यांतले फ्लोट लाल खुणेच्या खाली गेलेले होते. बोअरचे पाणी चालत नाही; त्यातील क्षार प्लेटींना बाधतात. डिस्टिल्ड पाणी हिरव्या खुणेपर्यंत घातले. पाणी घालताच हायड्रोमीटर लावू नये. ताजे पाणी वरच तरंगते आणि माप खोटे कमी येते. उलट पाणी आटलेले असताना मोजले तर तेजाब घट्ट झालेले असते आणि माप खोटे जास्त येते. म्हणून रात्रभर चार्ज करून, बॅटरीला थोडी विश्रांती देऊन सकाळी मोजले.

पूर्ण चार्ज ट्यूब्युलर बॅटरीत हायड्रोमीटर साधारण १.२४० दाखवतो, नेमका आकडा कंपनीच्या पत्रकात असतो. आमच्या सहाही खान्यांत १.१९० ते १.२०० होता. हीच गोष्ट महत्त्वाची. एकच खाना बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असता तर तो खाना निकामी होत चालला आहे असे समजलो असतो. सगळेच सारखे खाली, म्हणजे बॅटरी उपाशी राहिली होती.

कारण आमच्याच भागातले. पावसाळ्यात वेल्ह्याकडे वीज तासन्‌तास जाते, दोन-तीन तास येते, पुन्हा जाते. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. अर्धपोटी राहिल्याने प्लेटींवरचे सल्फेट घट्ट होते आणि तेजाबाचा अंश त्यातच अडकतो. चार्जरला बॅटरी लवकर भरलीशी वाटते, पण माप वर चढत नाही. इथे काही मिस्त्री वरून तेजाब ओततात. आकडा वाढतो, प्लेटी मात्र तशाच राहतात, उलट लवकर झिजतात.

आम्ही ओळखीच्या बॅटरीवाल्याकडून ८ अँपिअरवर सावकाश चार्ज लावून घेतला. खोलीच्या खिडक्या उघड्या, जवळ विडी-अगरबत्ती बंद, कारण यातून हायड्रोजन निघतो. बॅटरी हाताला फार गरम लागली की थोडा वेळ थांबवायचे. तीस तासांनी माप १.२२५ वर आले आणि तीन तास तिथेच राहिले; तेव्हा बंद केले.

आता त्याच भारावर सव्वातीन तास मिळतात. उरलेला पाऊण तास कडक झालेल्या सल्फेटमध्ये गेला, तो परत येणार नाही. माप १.२०० पुढे सरकलेच नसते, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे मानून आम्ही नवी घेतली असती.