नासक्या संत्र्यांची पेटी

संत्र्यांच्या पेटीत आडवे-उभे खण आहेत. काही रिकामे, काहींत चांगली संत्री, एक-दोन खणांत नासकी. नासके संत्रे दर मिनिटाला वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे लागून असलेल्या चांगल्या संत्र्यांना नासवते. सगळी पेटी नासायला किती मिनिटे लागतील, हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास भेटणारा प्रश्न आहे. खाली ० म्हणजे रिकामा खण, १ चांगले संत्रे, २ नासके.

```
२ १ १ ०
१ ० १ १
१ १ ० २
```

एकेका नासक्या संत्र्यापासून वेगवेगळी मोजणी करण्याचा मोह होतो, आणि तिथेच घोटाळा होतो. केवळ वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले, तर दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या संत्र्यापर्यंत कीड पोहोचायला ४ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात त्याच्या अगदी खालीच दुसरे नासके संत्रे आहे, म्हणजे ते पहिल्याच मिनिटाला जाते. म्हणून सुरुवातीलाच सगळी नासकी संत्री एकाच रांगेत उभी करायची, आणि चांगली किती उरली तेही मोजून ठेवायचे. इथे ती ७ आहेत.

पहिल्या मिनिटाला रांगेत दोघे आहेत. डाव्या कोपऱ्यातले शेजारची दोन नासवते, उजवीकडचे आपल्या वरचे एक, उरली ४. ही नवी तीन रांगेच्या शेवटी जातात आणि दुसऱ्या मिनिटाला प्रत्येकी एक नासवतात, उरले १. तिसऱ्या ओळीतले दुसरे संत्रे तिसऱ्या मिनिटाला जाते. उत्तर ३.

यात कळीची गोष्ट अशी, की मिनिट सुरू होताना रांगेत जितकी संत्री असतील तितकीच त्या मिनिटात बाहेर काढायची. त्यांच्यामागे नव्याने आलेली पुढच्या मिनिटाची. ही हद्द पाळली नाही, तर कोणते संत्रे कितव्या मिनिटाचे हेच कळेनासे होते. तसेच संत्रे रांगेत घालतानाच त्यावर २ लिहायचे. ते काढताना लिहू म्हटले, तर दोन बाजूंनी गाठलेले संत्रे दोनदा रांगेत शिरते आणि उरलेल्यांचा आकडा चुकतो.

सर्वात जास्त आढळणारी चूक मात्र शेवटी होते. शेवटचे संत्रे नासले तरी ते रांगेत असतेच. रांग रिकामी होईपर्यंत मिनिटे मोजत राहिले, तर वरच्या पेटीचे उत्तर ४ येते. त्यामुळे चांगल्यांचा आकडा शून्यावर आला की थांबायचे. मुळातच चांगले संत्रे नसेल तर उत्तर ० हेही त्याच नियमाने आपोआप मिळते.

उलट, रांग संपली आणि चांगली संत्री शिल्लक राहिली, तर रिकाम्या खणांनी त्यांची वाट अडवलेली असते. अशा वेळी -१ हे उत्तर देण्याचा प्रघात आहे. वरच्या पेटीत तिसऱ्या ओळीतला पहिला खण रिकामा केला, तर त्याच्या शेजारचे संत्रे असेच कायमचे वाचते.

प्रत्येक संत्रे फार तर एकदाच रांगेत जाते आणि चारच शेजारी पाहते. त्यामुळे एकूण काम खणांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते, नासकी संत्री सुरुवातीला एक असोत की शंभर.